मिनिटं तेवढीच, वेळा वेगळ्या: आयबीएस असलेल्या माणसाने ऑफिसात नेमकं काय मागावं

२०२२ साली मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये रोस्टर लावायचो. कोण किती वाजता लॉगिन करणार, कोणाचा चहाचा ब्रेक कधी, जेवणाचा कधी, हे ठरवणारा माणूस मी. एका दुपारी चॅटवर एका मुलीचा मेसेज आला: ‘सर, पोटाचा त्रास आहे. ब्रेक थोडा वाढवून मिळेल का?’ असे मेसेज रोज दोन-चार येतात. मी ठरलेलं उत्तर दिलं, ‘टीएलशी बोल.’ टीएल म्हणजे टीम लीडर. तो म्हणाला, ‘डॉक्टरचं सर्टिफिकेट आण.’ तिने आणलं. त्यावर लिहिलं होतं, तीन दिवस विश्रांतीचा सल्ला. तिने तीन दिवस रजा टाकली आणि चौथ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच ब्रेकच्या वेळांसकट येऊन बसली. त्रास जिथल्या तिथे.

दीड महिन्याने तिने दुसऱ्यांदा अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. माणसं तीच होती, आजारही तोच. दुसऱ्या अर्जात वेगळं होतं ते मागणं. ते काय होतं हे सांगण्याआधी तिच्या पोटात काय चालायचं ते समजून घ्यावं लागेल, कारण अर्ज त्यावरच उभा होता.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नसते, सूज नसते, दुर्बीण घालून पाहिलं तरी सगळं ठीक दिसतं. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनेत. साध्या माणसाला ज्या गॅसची जाणीवही होत नाही, त्या गॅसने इथे कळ येते. डॉक्टर निदान करताना पाहतात की गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोट दुखतंय का, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे का: दुखणं शौचाबरोबर कमी-जास्त होतं का, शौचाच्या खेपा बदलल्यात का, मलाचं स्वरूप बदललंय का. यातल्या दोन गोष्टी जुळायला हव्यात आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असायला हवी. कुणाचा कल जुलाबाकडे असतो, कुणाचा बद्धकोष्ठाकडे, कुणाला दोन्ही आलटून-पालटून. या मुलीला पहिला प्रकार होता.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. शौचातून रक्त पडणं, वजन आपोआप घटणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन उतरणं, किंवा पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू होणं, यातलं काही असेल तर ‘मला आयबीएस आहे’ असं परस्पर ठरवू नका. त्यामागे दुसरं काही असू शकतं. ब्रेकचा अर्ज नंतर करा, आधी डॉक्टर गाठा.

आता मुख्य मुद्दा. जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो: वरून नवा माल आलाय, खाली जागा करा. ही प्रत्येकाच्या शरीरात होणारी साधी गोष्ट आहे. लहान बाळ दूध पितापिता लंगोट भरतं ते यामुळेच. आयबीएसमध्ये हा निरोप जरा जास्तच मोठ्या आवाजात पोहोचतो. जेवण जितकं मोठं आणि तेलकट, तितका जोर जास्त. जेवल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात घाई लागते, आणि ती घाई ‘जरा थांब’ म्हणून थांबवता येण्यासारखी नसते. गुदाशयाची संवेदना तीव्र झालेली असते, त्यामुळे थोडंसं भरलं तरी ‘आत्ताच’ असा इशारा मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शाळेतल्या पोरासारखं काय सारखं बोट वर करायचं. पण इशारा खरा असतो.

त्यात भर पडते भीतीची. दार बंद आहे, परवानगी मागावी लागेल, कॉल मध्येच सोडता येणार नाही, या विचारानेच पोट ढवळायला लागतं. आतडं आणि मेंदू यांच्यात दोन्ही बाजूंनी वाहतूक चालते, त्यामुळे ताणाने आतड्याची हालचाल बदलते. परीक्षेच्या सकाळी हे आपण सगळ्यांनी कमी-अधिक अनुभवलंय. आयबीएसवाल्याला ती परीक्षेची सकाळ रोज दुपारी साडेबाराला लॉगिन केल्यावर सुरू होते.

मग माणूस एक उपाय शोधतो, आणि तोच उलटा पडतो. तो खाणंच टाळतो. आमची ही मुलगीही तेच करायची. पावणेअकराला कंपनीची बस, रस्त्यात तास-सव्वा तास, मध्ये उतरायची सोय नाही. म्हणून सकाळी नुसता चहा. शिफ्ट साडेबारा ते साडेनऊ. पावणेतीनला पंधरा मिनिटांचा ब्रेक, त्यातही चहाच. सव्वापाचला अर्ध्या तासाचा जेवणाचा ब्रेक. आदल्या रात्रीनंतरचं पहिलं खरं अन्न तेव्हा पोटात जायचं. लिफ्टची रांग, मायक्रोवेव्हची रांग, उरलेल्या पंधरा-सतरा मिनिटांत चार पोळ्या कशाबशा गिळायच्या. पावणेसहाला पुन्हा हेडसेट, पुढचा पंधरा मिनिटांचा ब्रेक थेट पावणेआठला. आणि सहाच्या सुमारास, कॉलवर कुणी इंग्रज आजी आपल्या बिलाची कहाणी सांगत असताना, पोटात कळ.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची आयबीएसवरची मार्गदर्शक तत्त्वं २००८ सालची आहेत. त्यातला पहिला आहारसल्ला अगदी साधा आहे: जेवण नियमित वेळी घ्या, सावकाश खा, जेवण चुकवू नका, दोन खाण्यांत मोठं अंतर ठेवू नका. चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर ठेवा असंही त्यात आहे. हा सल्ला आमच्या रोस्टरशेजारी ठेवून पाहा. रोस्टर अगदी उलट वागायला लावत होतं, आणि ते रोस्टर मी लावलं होतं.

पहिला अर्ज का फसला, ते मला ‘ॲडहेरन्स’चं गणित सांगितल्याशिवाय समजावता येणार नाही. कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटेल. बाकीच्यांसाठी: कागदावर तुम्ही ज्या वेळी जिथे असायला हवं, त्या वेळी तिथे होता का, याची टक्केवारी म्हणजे ॲडहेरन्स. आमच्याकडे ती नऊ तासांवर, म्हणजे ५४० मिनिटांवर काढायचे आणि ९० टक्के लागायची. म्हणजे दिवसाला ५४ मिनिटं इकडेतिकडे झालेली चालत.

आता समजा, तिचा जेवणाचा ब्रेक ५:१५ ते ५:४५ आहे आणि पोट बरं नाही म्हणून तिने तो अर्धा तास आधी, ४:४५ ला घेतला. मिनिटं तीसच. पण सिस्टीमच्या हिशोबात ४:४५ ते ५:१५ ती कॉलवर असायला हवी होती, ती नव्हती. तीस मिनिटं गेली. ५:१५ ते ५:४५ ती ब्रेकवर असायला हवी होती, ती कॉलवर होती. आणखी तीस गेली. एकूण साठ. टक्केवारी ८८.९. एकही मिनिट जास्त न घेता ती त्या दिवशी नापास. महिन्यात असे चार-पाच दिवस झाले की इन्सेंटिव्ह जातो आणि टीएल कॉन्फरन्स रूममध्ये बोलावतो.

म्हणून ‘ब्रेक वाढवून द्या’ हे मागणं दोन्ही बाजूंनी चुकीचं होतं. मॅनेजरला त्यात नुकसान दिसतं, कारण वाढीव मिनिटं म्हणजे वाढीव माणूस. आणि तिला वाढीव मिनिटं नकोच होती. तिला तीच साठ मिनिटं वेगळ्या जागी हवी होती, आणि ती हलवल्याबद्दलचा दंड माफ हवा होता. ही पहिली मागणी. संडासला जाण्याची मोकळीक ही दुसरी, आणि तिचा हिशोब सर्वस्वी वेगळा. पहिल्या अर्जात दोन्हींची भेळ झाली होती. मॅनेजरने ती वाचली ‘हिला जास्त ब्रेक हवाय’ अशी. मीही तशीच वाचली.

दुसऱ्या अर्जाआधी तिने दहा कामाचे दिवस एक वही ठेवली. फार काही नाही, एका ओळीत चार गोष्टी: काय आणि किती वाजता खाल्लं, घाई किती वाजता लागली, जागेवरून उठून परत येईपर्यंत किती मिनिटं गेली, आणि त्या वेळी कॉल चालू होता का. मलाचं वर्णन नाही, वेदनेचं वर्णन नाही. ते डॉक्टरला सांगायचं. मॅनेजरला घड्याळ कळतं.

वहीतून तीन गोष्टी निघाल्या. दहापैकी सात दिवस घाई संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान लागली होती, म्हणजे जेवून उठल्यावर पाऊण तासाच्या आत. दहा दिवसांत शिफ्टमध्ये एकूण २६ खेपा झाल्या होत्या, पण त्या सारख्या वाटलेल्या नव्हत्या: दोन दिवस एकही नाही, एका दिवशी पाच. आणि प्रत्येक खेपेला सरासरी नऊ मिनिटं लागत होती, त्यातली चार नुसती चालण्यात. तिची जागा फ्लोअरच्या पार टोकाला, खिडकीशी होती. तिथून कार्ड दाखवून दार उघडायचं, लिफ्टसमोरची मोकळी जागा ओलांडायची, मग लेडीज टॉयलेट. खिडकीची जागा सगळ्यांना हवी असते. तिला ती सीनियर म्हणून मिळाली होती आणि तीच तिच्या मुळावर आली होती.

मग सर्टिफिकेट. आपल्याकडे डॉक्टरला ‘ऑफिससाठी सर्टिफिकेट हवंय’ म्हटलं की त्याचा हात सवयीने रजेच्या छापील कागदाकडे जातो. त्या कागदाचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट मॅनेजरचा समज होतो की तीन दिवसांत हे संपणारं आहे. डॉक्टरला नेमकं सांगावं लागतं की रजा नकोय, कामाच्या ठिकाणी काय सोय लागेल ते लिहून हवंय. तिच्या दुसऱ्या कागदावर चारच वाक्यं होती. रुग्णाला आतड्याचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही. त्याची तीव्रता कमी-जास्त होत राहते. थोडं-थोडं, नियमित अंतराने खाणं आणि गरज पडताच शौचालयात जाता येणं आवश्यक आहे. ‘आयबीएस’ हा शब्द त्यात नव्हता, तो तिनेच नको म्हटलं होतं. ‘कमी-जास्त होत राहते’ हे मात्र असायलाच हवं. नाहीतर एखाद्या चांगल्या दिवशी तुम्ही कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना दिसलात की लगेच ‘काल तर आजारी होती’ सुरू होतं.

अर्ज तिने इंग्रजीत ईमेलने पाठवला, तिथे तसंच चालतं. मराठीत त्याचा गाभा साधारण असा होता:

‘नमस्कार सर, मला आतड्याचा दीर्घकाळचा विकार आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्या एकूण ब्रेकची ६० मिनिटं वाढवू नयेत. ती फक्त चार भागांत, साधारण दोन-दोन तासांच्या अंतराने मिळावीत आणि रोस्टरमध्येच तशी नोंदवावीत, म्हणजे ॲडहेरन्सवर परिणाम होणार नाही. जेवणानंतरची ४५ मिनिटं मला कॉलऐवजी ईमेलच्या क्यूवर ठेवता आलं तर कॉल मध्येच सोडण्याची वेळ जवळपास येणार नाही. टॉयलेटसाठी सध्या दिवसाला १० मिनिटं आहेत. माझी गरज एखाद्या दिवशी शून्य, तर एखाद्या दिवशी ४० मिनिटांच्या आसपास असते. म्हणून ती दिवसाऐवजी आठवड्यावर, १२० मिनिटं अशी धरावी आणि जाण्याआधी परवानगी मागावी लागू नये. जागा दाराजवळ मिळाल्यास प्रत्येक वेळची दोन-अडीच मिनिटं वाचतील. हे सहा आठवडे करून पाहू आणि मग आकडे बघून बोलू. आजाराची माहिती टीममध्ये सांगू नये, ही विनंती.’

यातलं ईमेलच्या क्यूचं वाक्य मला सगळ्यांत हुशार वाटलं. टॉयलेटला जाण्याची खरी अडचण मिनिटांची नसते, अडचण असते चालू कॉलची. ईमेल अर्धवट सोडून उठलात तर ईमेल काही बोलत नाही. पाऊण तास ईमेल करायला कुणीतरी लागतंच, तर मग तिनेच का नको? रोस्टरवाल्याच्या डोळ्यांनी सांगतो, यात कंपनीचा एक पैसाही गेला नाही.

आठवड्याचा हिशोबही तसाच. दहा दिवसांत २६ खेपा, प्रत्येकी नऊ मिनिटं, म्हणजे दिवसाला सरासरी २३ मिनिटं, पाच दिवसांची ११७. म्हणून १२०. रोजची मर्यादा ठेवली असती तर पाच खेपांच्या दिवशी ती हमखास मोडली असती आणि शून्याच्या दिवशी वाया गेली असती. मात्र हा आकडा मांडताना एक काळजी घ्यायला हवी. १२० ओलांडलं की पगार कापायचा, असा त्याचा अर्थ होता कामा नये. ओलांडलं की बसून बोलायचं, एवढाच. आमच्या मेलमध्ये हे स्पष्ट नव्हतं आणि पुढे त्यावरून एकदा खटका उडालाच.

आता अर्ज जसाच्या तसा मंजूर झाला का? नाही. एचआरने चार भागांच्या ब्रेकवर बोट ठेवलं. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात तेव्हा तरतूद होती की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं असेल तर मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायलाच हवी. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे केले तर कागदावर अर्ध्या तासाची विश्रांती कुठेच उरत नव्हती. कर्मचारी स्वतः मागत असली तरी उद्या तपासणी झाली तर उत्तर कोण देणार? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. (कामाच्या तासांच्या नियमांत त्यानंतर बदल झाले आहेत. तुम्ही अर्ज कराल तेव्हा आजचा नियम एचआरकडून विचारून घ्या.) मग मी आणि तिने बसून वेळा नव्याने मांडल्या. सव्वादोनला दहा मिनिटं. सव्वाचार ते पावणेपाच जेवण. साडेसहाला दहा, सव्वाआठला दहा. बेरीज साठच. जेवण तासभर अलीकडे आलं, आणि त्याआधी सव्वादोनला अर्धी भाकरी पोटात गेलेली असल्यामुळे जेवणावर तुटून पडायची वेळ येईना.

दहा मिनिटांत लिफ्टने कॅन्टीन गाठून येणं शक्य नसतं, म्हणून तिला डबा पँट्रीत खायची मुभा लागली. ती मागायची आम्ही दोघंही विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक इंटरनेटवर अमेरिकेचं वाचतात आणि इथे हक्क म्हणून मांडायला जातात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि आयबीएस त्यात नाही. त्यामुळे इथे तुमचा अर्ज उभा राहतो तो डॉक्टरच्या पत्रावर, कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर आणि मॅनेजरच्या समजूतदारपणावर. बहुराष्ट्रीय कंपन्यांचं जगभरासाठीचं धोरण पुष्कळदा कायद्याच्या पुढे असतं, ते एचआरकडे मागून वाचावं. ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यानुसार १२ महिने किंवा जास्त टिकणारा आणि रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम करणारा आजार दिव्यांगत्वात बसू शकतो, आणि मग वाजवी सोयी करणं मालकावर बंधनकारक होतं. तिथेही आयबीएस आपोआप बसत नाही, परिणाम दाखवावा लागतो. अमेरिकेच्या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने शरीराच्या प्रमुख कार्यांमध्ये आतड्याच्या कार्याचा नाव घेऊन समावेश केला. पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू होतो. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाने हाच अर्ज तिथल्या कायद्याच्या भाषेत करावा. मजेची गोष्ट म्हणजे आमच्या फ्लोअरवरून ज्या ब्रिटिश ग्राहकांशी ती बोलायची, त्यांच्यातल्या एखाद्याला हाच आजार असता तर त्याच्या हातात तिच्यापेक्षा जास्त हक्क असते.

कारखान्यातलं गणित निराळं. १९४८ च्या कारखाने कायद्याने शौचालयं कामगारांना कारखान्यात असताना सर्व वेळी वापरता येतील अशी हवीत, असं म्हटलं होतं. पण चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभ्या माणसाचा प्रश्न दार उघडं असण्याचा नसतो. तो जागेवरून हलला तर लाइन थांबते. म्हणून त्याने मिनिटं मागून उपयोग नाही, त्याने रिलीव्हर मागावा: हात वर केला की दोन मिनिटांत जागा घेणारा माणूस, त्याच्या नावासकट. नाहीतर लाइनवरून काढून सब-असेंब्लीच्या टेबलावर बदली, जिथे पाच मिनिटं उठलं तरी गाडी अडत नाही. शिक्षिकेने मधल्या सुट्टीनंतरचा तास मोकळा मागावा. प्रत्येक कामात एक असा क्षण असतो की ज्या वेळी उठताच येत नाही. तो शोधायचा, आणि जेवणानंतरचा तास त्या क्षणापासून दूर न्यायचा.

पुन्हा आमच्या फ्लोअरवर येतो, कारण मंजुरीनंतरच खरी गंमत झाली. पहिल्याच सोमवारी टीएलने हडलमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, वीस माणसांसमोर, अगदी चांगल्या मनाने सांगितलं, ‘हिला बायो ब्रेकची सूट आहे, कुणी काही बोलायचं नाही.’ बायो ब्रेक म्हणजे टॉयलेटला जाणं. हा शब्द कुणी काढला देव जाणे. झालं! संध्याकाळपर्यंत दोघांनी येऊन मला विचारलं, ‘सर, आम्हाला पण सूट मिळेल का?’ आणि तिला एका मैत्रिणीने ओव्याची पुडी आणून दिली. ओव्याची पुडी तिने घेतली, पण दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. टीएलला एवढंच पुरलं असतं: ‘हिच्या वेळा वेगळ्या आहेत, रोस्टरनुसार आहेत.’

दुसरी गडबड आरटीएकडून झाली. आरटीए म्हणजे स्क्रीनवर सगळ्या फ्लोअरचं लाइव्ह स्टेटस बघत बसणारा माणूस. कुणी चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ बायोवर दिसलं की तो चॅटवर टोकतो, ‘प्लीज गेट बॅक.’ आमच्याकडे दोन शिफ्टला दोन आरटीए होते. दुपारच्याला माहीत होतं, संध्याकाळच्याला नव्हतं. त्यामुळे नेमकं जेवणानंतर, ज्या वेळेसाठी हा सगळा खटाटोप केला त्याच वेळेला, तिच्या स्क्रीनवर तो मेसेज यायचा. तिने तीन दिवस कुणाला सांगितलंही नाही, तिला वाटलं मंजुरी रद्द झाली. म्हणून मंजुरीचा मेल आरटीए आणि रोस्टर टीमच्या सामाईक पत्त्यावर जायला हवा. त्यात आजाराचा उल्लेख नको, फक्त वेळा आणि ‘बायोवर टोकू नये’ एवढं वाक्य.

सहा आठवड्यांनी आम्ही आकडे काढले. शेवटच्या दहा दिवसांत २६ ऐवजी १९ खेपा, आणि जागा दाराजवळ आल्यामुळे प्रत्येक खेप साडेसहा मिनिटांवर. दिवसाला साधारण १२ मिनिटं. कॉल मध्येच सोडण्याची वेळ एकदाच आली होती. हे जेवणाच्या वेळेमुळे झालं, की ‘जाता येतं’ एवढ्या खात्रीमुळे पोट शांत झालं, की त्या सहा आठवड्यांत आजारानेच जरा उसंत घेतली, हे एका माणसाच्या वहीवरून ठरवता येत नाही. तिचं म्हणणं, खात्रीचा वाटा मोठा होता. मला विचाराल तर सव्वादोनच्या अर्ध्या भाकरीचा.

आणि हे सगळं झाल्यावरही सोय सुटू शकते. आठ महिन्यांनी टीएल बदलला. नव्या टीएलने नवं रोस्टर मागवलं आणि सिस्टीमने सगळ्यांना पुन्हा सरसकट तेच ब्रेक वाटले: पावणेतीन, सव्वापाच, पावणेआठ. मी तोवर दुसऱ्या प्रोसेसवर गेलो होतो. पण तिच्याकडे तो मेल होता, एचआरच्या मंजुरीसकट आणि तारखेसकट. तिने तो नव्या टीएलला फॉरवर्ड केला आणि वर एकच ओळ लिहिली: ‘सर, माझ्या वेळा या आहेत.’ दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला ती पँट्रीत होती.